आजीआजोबांचा फ्लू: या चुका टाळा

फ्लूचा रुग्ण आला की मी आधी विचारते, "नक्की कधीपासून?" उत्तर बहुतेकदा "झाले तीन-चार दिवस" असं मोघम येतं. पुढचे बरेच निर्णय या तारखेवर अडतात.

चौऱ्याहत्तरीच्या एका आजींचं उदाहरण घ्या. सोमवारी संध्याकाळी त्यांनी जेवण नको म्हटलं आणि रात्री बाथरूमला जाताना त्यांचा तोल गेला. ताप नव्हता, म्हणून घरच्यांना वाटलं अशक्तपणा असेल. पण उतारवयात फ्लू तापाशिवायही येतो. कधी तो नुसता गोंधळलेपणा किंवा अन्नावरची वासना उडणं एवढाच दिसतो. आजींचं दुखणं सोमवारीच सुरू झालं होतं, खोकला मात्र मंगळवारी आला.

बुधवारी सकाळी त्या आल्या. नातवाला आधीच फ्लू झालेला. आजींची रॅपिड टेस्ट निगेटिव्ह आली, तरी मी फ्लूच्या विषाणूवरचं औषध, ओसेल्टामिविर, सुरू केलं. ही टेस्ट बऱ्याचदा फ्लू असूनही निगेटिव्ह येते, आणि औषधाचा फायदा पहिल्या ४८ तासांत सर्वांत जास्त असतो. रिपोर्टची वाट पाहत बसणं ही मला सर्वांत महागडी चूक वाटते. उलट, ४८ तास उलटले म्हणून औषध टाळणंही चूक. ज्येष्ठ किंवा गंभीर रुग्णाला ते उशिराही देतात. नेहमीचा डोस ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ५ दिवस. मूत्रपिंडं मंदावली असतील तर तो कमी करावा लागतो, म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन बघायचं.

शुक्रवारी आजी उठून बसल्या, चहा मागितला. रविवारी मात्र थंडी वाजून ताप आला आणि छातीत एका बाजूला टोचू लागलं. घरचे म्हणाले, "गोळ्या चालूच आहेत की!" पण बरं वाटून पुन्हा उलटणं ही जिवाणूंच्या न्यूमोनियाची जुनी खूण आहे. एक्सरेत उजवीकडे खाली डाग दिसला, आजींना दाखल करून अँटिबायोटिक लावलं. विषाणूचा न्यूमोनिया सहसा असा मधला चांगला दिवस देत नाही. दुखणं सलग वाढत जातं, दम लागतो, आणि एक्सरेत बहुधा दोन्ही फुप्फुसं धूसर दिसतात. अर्थात हे दोन्ही न्यूमोनिया एकत्रही असू शकतात, तेव्हा डॉक्टर दोन्ही औषधं देतात.

कफ पिवळा-हिरवा झाला म्हणून घरात उरलेलं अँटिबायोटिक सुरू करू नका. तो रंग पांढऱ्या पेशींमुळे येतो, विषाणूच्या दुखण्यातही.

घरी श्वास मोजायचा तर आजींना न सांगता, पूर्ण एक मिनिट. सांगितलं की श्वासाची लय बदलते. आजींचे त्या रविवारी २८ भरले, ऑक्सिजन ९१. श्वास पंचविशीपलीकडे गेला, ऑक्सिजन ९४ च्या खाली आला किंवा बोलणं असंबद्ध झालं, तर सकाळची वाट पाहू नका.