फोटोतून सलाईनचा स्टँड काढताय? या चुका टाळा (मी केल्यात)

गेल्या पावसाळ्यात एक काकू स्टुडिओत आल्या, मोबाईल पुढे केला, "ह्यांचा शेवटचा फोटो आहे रे, तेवढा सलाईनचा स्टँड काढून दे, तेराव्याला लावायचाय." फोटोत काका कॉटवर बसलेले, चेक्सचा शर्ट, मस्त हसतायत, आणि डाव्या हातात स्टँडचा दांडा धरलेला. मी म्हटलं अर्ध्या तासाचं काम आहे काकू, बसा. हीच पहिली चूक.

दुसरी म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलीच फाईल उघडली. साध्या पाठवलेल्या फोटोची मोठी बाजू साधारण १६०० पिक्सेलची होते आणि त्यांना हवा होता १२ बाय १८, म्हणजे इंचाला ९० सुद्धा पिक्सेल नाहीत, चेहरा फुटणारच. मग मुलाकडून ओरिजिनल डॉक्युमेंट म्हणून मागवला.

भिंतीवरचा दांडा क्लोन स्टॅम्पने पटकन गेला, पण भिंतीवर पडलेली त्याची सावली मी विसरलो (ही सगळेच विसरतात, वस्तू नाही आणि सावली आहे!). नळी शर्टावरून गेलेली, तिथे हीलिंग ब्रश फिरवला तर चेक्सच्या रेघा वाकड्या होऊन चिखल झाला. चेक्स असतील तर ब्रश नकोच, त्याच शर्टाचा दुसरा तुकडा नव्या लेयरवर कॉपी करायचा, चुणीप्रमाणे थोडा वळवायचा, रेघेला रेघ जुळली की कडा मऊ करायच्या. आणि वर शहाणपणा म्हणून मी बसलेले गाल पण भरून टाकले, न विचारता.

संध्याकाळी काकूंनी बघितलं. आधी म्हणाल्या, "गाल असे नव्हते ह्यांचे." मग बोट हातावर ठेवलं, "आणि हे काय धरलंय?"

मूठ हवेत होती! वस्तू काढायच्या आधी ती कुठे कुठे टेकलीये ते बघायचं असतं, भिंतीवरची जाते पण हातातली काढली की हाताला कारण उरत नाही. मी म्हटलं, काठी देऊ का हातात, नाहीतर छातीपर्यंत कापतो. "काठी कधी घेतली नाही त्यांनी." जरा वेळ गप्प बसल्या. "एसटीत कंडक्टर होते ना, असेच उभे राहायचे, दांडा धरून. दांडा राहू दे. बाटली तेवढी काढ."

नशीब, मूळ फोटोवर काही पुसलं नव्हतं, सगळं वेगळ्या लेयर्सवर मास्क लावून केलं होतं, म्हणून दांडा आणि गाल दोन मिनिटात परत आले. बाटली पुसायचीही गरज पडली नाही, ती डोक्याच्या वर टांगलेली, तिथूनच वरून क्रॉप केला, आता दांडा फ्रेमच्या बाहेर निघून जातो. नळीवरचा शर्टाचा तुकडा तसाच ठेवला.

हाताच्या पाठीवर सुईची पांढरी पट्टी होती ती पण काढू का विचारलं, तर म्हणाल्या, "ती मी लावली होती, निघाली म्हणून. असू दे."