एडब्ल्यूएस परीक्षेत जादा ३० मिनिटं हवीत? मग या चुका टाळा

सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट परीक्षेत १३० मिनिटांत ६५ प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटं. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही, त्यांना इंग्रजीतून परीक्षा देताना ३० मिनिटं जादा मिळतात. त्यासाठी ना कुठला दाखला लागतो, ना वेगळी फी. तरीही कित्येकांच्या हातून ही सवलत निसटते, ती क्रम चुकल्यामुळे.

पहिली चूक: आधी तारीख बुक करायची आणि मग सवलत शोधायची. आधीच घेतलेल्या तारखेला हा वेळ लागू होत नाही. म्हणून सर्टिफिकेशनच्या खात्यात लॉगिन करून आधी विनंती करा, यादीतून `ESL +30 MINUTES` निवडा, मंजुरी दिसली की मगच बुकिंग करा. एकदा मंजूर झालेली सवलत पुढच्या परीक्षांनाही चालते. तारीख घेऊन बसला असाल, तर परीक्षेला २४ तास उरायच्या आत ती रद्द करा, विनंती करा आणि नव्याने बुक करा. परीक्षेच्या दिवशी केंद्रावर मागून काही मिळत नाही.

दुसरी चूक भाषा निवडताना होते. यादीत मराठी किंवा हिंदी नाही. जपानी, कोरियन, स्पॅनिश वगैरे आहेत. जपानमध्ये नोकरी करणाऱ्या आपल्या मंडळींना जपानी पेपर घ्यावासा वाटतो. पण ही ३० मिनिटं फक्त इंग्रजी पेपरला आहेत. शिवाय अभ्यास इंग्रजी डॉक्युमेंटेशनवरून केला असेल, तर ओळखीच्या संज्ञा ऐन परीक्षेत काताकानात वाचाव्या लागतील. ज्या भाषेत अभ्यास केला, त्याच भाषेत पेपर द्यावा, असं माझं ठाम मत आहे.

आता हा जादा वेळ खर्चायचा कुठे? प्रत्येक प्रश्नाला साधारण अडीच मिनिटं येतात. ती पर्यायांवर घालवण्याआधी प्रश्नाची शेवटची ओळ नीट वाचण्यात घालवा. समजा, रात्री चालणारं एक रिपोर्टचं काम आहे आणि ते कमीत कमी खर्चात करायचं आहे. प्रश्नात `can be interrupted` असेल तर उत्तर स्पॉट इन्स्टन्स. `cannot be interrupted` असेल तर स्पॉट बाद. घाईत वाचताना नेमका हा `not` सुटतो, आणि विषय येत असूनही मार्क जातो. अडलेला प्रश्न फ्लॅग करून पुढे जा, पण रिकामा सोडू नका. चुकीच्या उत्तराला निगेटिव्ह मार्किंग नाही.

परकी भाषा वाचताना बऱ्याच जणांचे ओठ हलतात. घरून ऑनलाइन परीक्षा देताना प्रश्न मोठ्याने किंवा पुटपुटत वाचायला मनाई असते. प्रॉक्टर ताकीद देतो, वेळ पडली तर परीक्षा थांबवतो. ही सवय असेल तर घरी मॉक टेस्ट देताना मोबाइलवर स्वतःचं रेकॉर्डिंग करून बघा. सवय मोडत नसेल तर ऑनलाइनऐवजी परीक्षा केंद्र घ्या, आणि तिथेही मनातल्या मनातच वाचा.