मॅटवर रनिंग शूज घालून उतरताय? या चुका टाळा

आपल्या सांगली-साताऱ्यातली पोरं लहानपणापासून तालमीत अनवाणी खेळलेली असतात, त्यामुळं मॅटवर किंवा बॉक्सिंग क्लासला गेल्यावर शूजचा विचारच कुणी करत नाही, घरात असतील ते रनिंग शूज घालून जातात. गोळेश्वरचे खाशाबा जाधव वाढले मातीत, पण 1952 ला हेलसिंकीत ब्राँझ काढलं ते मॅटवर. माती पायाखाली सरकते, पाय वळवला की तीही वळते. मॅट तसं करत नाही.

सगळ्यात जास्त त्रास होतो तो गुडघ्याला. आमच्या इथल्या एका पोराचं सांगतो, कुस्तीतनं बॉक्सिंगला आलेला, उजव्या हाताचा क्रॉस मारला की मागच्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला कळ यायची. आम्हाला वाटलं स्क्वॅट जास्त झाले असतील. मग त्याला म्हटलं हात खाली ठेव आणि नुसता पाय वळव. टाच उचलून चवड्यावर फिरायला सांगितलं तर कंबर वळली, गुडघा वळला आणि शूज जागच्या जागी चिकटून बसलेला! रनिंग शूजचा सोल सरळ पळायला पकड देतो, म्हणून पाय अडकला की सगळा पीळ गुडघ्यावर येतो. वर टाचेखाली जाड फोम, त्यामुळं बाजूला सरकताना घोटा मुरगळायची भीती वेगळीच. ही टेस्ट तुम्ही पण करून बघा, अर्धा मिनिट लागतं.

त्याला बॉक्सिंग शूज घ्यायला लावले, पातळ सोल, टाच सपाट, घोट्याच्या वरपर्यंत लेस. कळ हळूहळू गेली. गुडघ्याला सूज असेल किंवा तो अडकत असेल तर मात्र शूज बदलून भागणार नाही, डॉक्टरला दाखवा.

दोन्हीसाठी एकच जोड हवा असेल तर कुस्तीचे शूज घ्या. त्यांची पकड सोलच्या कडेपर्यंत असते, पट काढताना पाय बाजूनं टेकवून रेटा द्यावा लागतो ना, तिथं ती लागते. बॉक्सिंगला ते चालतात, फक्त वळताना जरा जास्त धरतात, म्हणून टाच नीट उचलायची सवय लावा. बॉक्सिंगचे शूज कुस्तीला घातले तर मात्र रेटा देताना घसरायला होतं. साइज वाढत्या मापाची घेऊ नका, पाय आत सरकला की फोड आलाच.

आणि शूज घेतले म्हणून सगळीकडं घालायचे नसतात. ज्युदो, कराटेला अनवाणीच. किकबॉक्सिंगच्या क्लासला पण लाथ मारायची असेल तर काढा, सोल समोरच्याच्या बरगडीवर बसला की काय होतं ते त्याला विचारा.

मॅटचे शूज घालून बाथरूमला किंवा रस्त्यावर अजिबात जायचं नाही, मॅटवर आपण गाल टेकवतो, एकाला गजकर्ण झालं की बघता बघता अख्ख्या बॅचला होतं. दाराशी चप्पल ठेवा, सराव झाला की शूज बॅगेत कोंबू नका, लेस सैल करून वाऱ्याला ठेवा.