पावसाळ्यात खताची बादली का नासते

मृग लागला की आपल्या सोसायटीत दोन तक्रारी एकदम सुरू होतात. पार्किंगमध्ये गळतं, आणि बाल्कनीतल्या खताच्या बादलीला वास येतो. गळतीचं सेक्रेटरी बघतील. बादलीचं मी सांगतो, कारण दर पावसाळ्यात मला घरोघरी बोलावलं जातं आणि दहापैकी नऊ घरांत कारण एकच निघतं: बादलीत पाणी फार आणि पाला कमी.

भाजीच्या सालीत, देठात, फळांच्या चोथ्यात मुळातच ऐंशी टक्क्यांच्या वर पाणी असतं. पुण्याच्या उन्हाळ्यात ते उडून जातं, म्हणून मे महिन्यात कशीही भरलेली बादली चालून जाते. जुलैत हवाच ओली असते, पाणी उडायला जागा नाही. मग ते सालींच्या मधल्या फटींत भरतं आणि हवा बाहेर जाते. कचरा कुजवणारे चांगले जिवाणू हवेवर जगतात. हवा संपली की त्यांची जागा बिनहवेचे जिवाणू घेतात, आणि नाक धरायला लावणारा वास त्यांचा. म्हणजे वास कचऱ्याचा नसतो, गुदमरलेल्या कचऱ्याचा असतो. पावसाळ्यात खत करायचं तर कचऱ्यापेक्षा जास्त लक्ष पाण्याकडे द्यायचं.

बादली कुठलीही चालते. मी रंगाच्या 20 लिटरच्या रिकाम्या बादल्या वापरायला सांगतो, कारण त्या रंगाऱ्याकडे स्वस्तात मिळतात आणि झाकण घट्ट बसतं. चार माणसांच्या घराला तीन बादल्या लागतात. तापवलेल्या खिळ्याने किंवा ड्रिलने तळाला आठ-दहा आणि बाजूंना चारी अंगांनी करंगळी जाईल एवढी भोकं पाडा. बाजूच्या भोकांवर आतून मच्छरदाणीची जाळी चिकटवा, नाहीतर माश्या तिथूनच आत जातात. बादली थेट फरशीवर ठेवू नका. दोन विटांवर ठेवा आणि खाली जुनी ताटली सरकवा. पावसाची झड येते त्या कोपऱ्यात तर मुळीच नको.

तळाला चार बोटं जाडीचा थर द्या: नारळाच्या शेंड्या, बारीक काड्या, वर सुका पाला. शेंड्या महत्त्वाच्या, कारण त्या दबत नाहीत आणि खालून हवा येत राहते. त्यावर दोन मुठी जुनं खत पसरा, ते विरजणाचं काम करतं. घरात नसेल तर माझ्याकडून न्या. आंबट ताक शिंपडलं तरी चालतं, पण पावसाळ्यात तेही ओलच वाढवतं, म्हणून मी जुन्या खतालाच पसंती देतो. बाजारात कल्चर म्हणून पुड्या मिळतात. त्या वाईट नाहीत, पण ओल आवरली नाही तर महागातली पुडीही काही करू शकत नाही.

आता रोजचं काम. सिंकमधली सालं तशीच उचलून बादलीत टाकायची नाहीत. भोकांच्या टोपलीत तासभर निथळू द्या. चहाचा चोथा धुऊन, पिळून घ्या. धुवायचं कारण साखर आणि दूध, त्यानेच मुंग्या येतात. मोठे तुकडे, म्हणजे केळ्याची साल, कोबीचा बुंधा, कणसाची पानं, बोटभर लांबीचे करा. मग ज्या वाडग्याने कचरा टाकाल त्याच वाडग्याने सुका पाला टाका. उन्हाळ्यात एकास एक पुरतो, पावसाळ्यात एका वाडग्याला दीड ते दोन. वरचा थर नेहमी पाल्याचाच दिसला पाहिजे. झाकण उघडल्यावर सालं दिसत असतील तर पाला कमी पडला. दोन-तीन दिवसांतून एकदा वरचा वीतभर भाग काडीने हलवा. तळापर्यंत ढवळायची गरज नाही.

पाला कोणता, हेही बघायला हवं. आपल्या आवारात रेन ट्रीची बारीक पानं पडतात, ती सगळ्यात चांगली, लवकर कुजतात. देशी बदामाचं पान मोठं आणि चिवट, ते हाताने चुरून घ्या, नाहीतर ओलं झालं की पत्रावळीसारखं एकावर एक चिकटतं आणि हवा अडवतं. निलगिरीचा पाला टाळा. आवारातला पाला शिमग्याच्या आसपास झडतो, तेव्हाच पोती भरून ठेवायची असतात. जुलैत झाडाखालून झाडून आणलेला पाला पाला नव्हे, तोही ओला कचराच. पंपाच्या खोलीमागे मी कोरड्या पाल्याची पोती रचून ठेवली आहेत, पिशवी घेऊन या. तो संपला तर अंड्याचे कागदी ट्रे आणि खोके फाडून टाका, किंवा नारळाच्या भुश्याची वीट न भिजवता कोरडीच चुरून वापरा. सुताराकडचा भुसा साध्या लाकडाचा असेल तरच घ्या. प्लायवूडच्या भुश्यात डिंकाची रसायनं असतात.

ओल बरोबर आहे का, हे मुठीने कळतं. मधला थोडा माल हातात घेऊन घट्ट पिळा. एखादा थेंब बोटांशी आला तर ठीक. पाण्याची धार लागली तर पाला वाढवा. मूठ उघडल्यावर सगळं भुसभुशीत सांडून गेलं तर कोरडं आहे, थोडं पाणी शिंपडा. पण हे जुलैत फारसं होत नाही.

मागच्या आषाढातली एक बादली सांगतो. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी बोलावलं. झाकण काढल्यावर वरच्या पाल्याचा पातळ थर बरा दिसत होता, पण काडी खाली नेली तर काळा लगदा लागला आणि ताटलीत तपकिरी पाणी साचलेलं. विचारल्यावर कळलं, की कणसांचे बुरकुंडे अख्खे, आदल्या रविवारचा उरलेला पुलाव आणि आंबलेलं दही, सगळं आत गेलं होतं. पाला मात्र संपल्यामुळे चार-पाच दिवस टाकलाच नव्हता. काकू म्हणाल्या, "दादा, फेकून द्या आता." फेकायचं काही कारण नव्हतं.

गॅलरीत जुनं पोतं अंथरलं आणि बादली त्यावर उलटी केली. बुरकुंडे वेचून काढले. ते कुजायला महिनोन् महिने घेतात, त्यांना सोसायटीच्या मोठ्या खड्ड्यात टाकलं. पुलावाचे गोळे झाले होते, ते हाताने फोडले. मग लगदा जेवढा, तेवढाच चुरलेला कोरडा पाला त्यात मिसळला, इतका की मुठीतून पाणी येईना. बादली धुऊन, पुसून तळाला नव्या शेंड्या घातल्या, माल परत भरला, पण दाबला नाही. वर पाल्याचा जाड थर, झाकण रात्रभर किंचित उघडं, तोंडावर जुनं सुती फडकं बांधलेलं. चार दिवस नवा कचरा दुसऱ्या बादलीत. तिसऱ्या दिवशी वास गेला होता आणि हात आत घातला तर माल कोमट लागला. कोमट लागलं म्हणजे काम पुन्हा सुरू झालं.

शिजवलेलं अन्न अजिबात चालत नाही असं नाही. चपातीचा तुकडा, चमचाभर भात पाल्यात मिसळून जातो. पण तेलाची भाजी, आमटी, दही आणि मांस-मच्छीचे काटे छोट्या बादलीत नकोतच. तेल सालींवर बसून हवा अडवतं, आणि काटे उंदरांना आमंत्रण देतात. आंब्याच्या कोयी आणि करवंट्याही आत टाकू नका, त्या तशाच बाहेर येतील.

वास ओळखायला शिका. आंबट, नासका वास म्हणजे पाणी जास्त, वरचाच उपाय. लघवीसारखा झोंबणारा वास आला तर पाणी नव्हे, पाल्याच्या मानाने हिरवा कचरा जास्त झाला आहे. श्रावणात निर्माल्य आणि पालेभाज्यांची देठं एकदम पडतात तेव्हा असं होतं. तिथेही पालाच वाढवायचा. पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नका, ती कुजवण्याचंच काम करते.

सगळ्यात जास्त किंकाळ्या अळ्यांवरून ऐकतो. राखाडी-तपकिरी, चपट्या, बोटाच्या पेरापेक्षा थोड्या लहान अळ्या वळवळताना दिसल्या तर त्या काळ्या सैनिक माशीच्या. त्या कचरा भराभर खातात, चावत नाहीत, आणि त्यांची मोठी माशी घरातल्या अन्नावर येऊन बसत नाही. खूप झाल्या तर ओल वाढली असं समजा आणि वर चांगला चार बोटं कोरडा पाला द्या. बारीक पांढऱ्या अळ्या मात्र घरमाशीच्या असतात, म्हणजे शिजवलेलं अन्न उघडं राहिलं आहे. कृपा करून दोन्हींवर फिनेल किंवा किडे मारायचा स्प्रे मारू नका. अळ्यांसोबत जिवाणूही मरतात आणि मग बादली नुसती सडते.

एक बादली भरायला साधारण तीन आठवडे लागतात, कारण माल रोज खाली बसत जातो. भरली की तिच्यावर तारीख लिहा, दुसरी सुरू करा. तिसरी भरेपर्यंत पहिली सहा आठवडे मुरलेली असते. मुरतानाही आठवड्यातून एकदा हलवा. मृगात सुरू केलेली बादली अशा हिशेबाने ऑगस्टच्या मध्यापर्यंत तयार व्हायला हवी, पण सलग पावसात दोन आठवडे जास्त धरा.

रंग काळपट झाला म्हणून खत झालं असं नाही. सडलेला मालही काळाच असतो. तयार खताला पहिल्या पावसातल्या मातीचा वास येतो, ते हातात मोकळं सुटतं आणि कशाचं साल होतं ते ओळखू येत नाही. शंका असेल तर मूठभर खत किंचित ओलं करून डब्यात दोन-तीन दिवस बंद ठेवा. उघडल्यावर घाण वास आला तर अजून मुरू द्या. कच्चं खत कुंडीत घातलं तर ते मातीतला नत्र स्वतः कुजायला वापरतं आणि झाडाची पानं पिवळी पडतात. माझ्याकडे "खत घातलं आणि मोगरा गेला" म्हणून येणाऱ्यांत बहुतेकांचं हेच झालेलं असतं.

बादलीतलं खत मोठ्या खड्ड्याइतकं तापत नाही, म्हणून टोमॅटो, मिरची, भोपळ्याच्या बिया जिवंत राहतात आणि कुंडीत उगवतात. उपटून टाका, किंवा ठेवा, तुमची मर्जी.

खत चाळणीने चाळा. चाळणीवर उरलेल्या काड्या आणि शेंड्या पुढच्या बादलीच्या तळाला जातील, विरजणासकट. चाळलेलं खत मुसळधार पावसात कुंड्यांना देऊ नका, त्यातलं सत्त्व पाण्याबरोबर वाहून जातं. सैल पोत्यात, किंचित ओलसर, सावलीत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलं तर पुन्हा गुदमरेल. गणपती गेले आणि पाऊस ओसरला की बारा इंची कुंडीला दोन मुठी, मुळांपासून थोडं लांब, वरची माती हलवून मिसळा. शेवंती आणि गुलाबाला तेव्हाच त्याची खरी गरज असते. नवी कुंडी भरायची असेल तर तीन भाग मातीला एक भाग खत पुरे.