व्यस्त लवचिकता नियमाने किंमत ठरवताना या चुका टाळा

मक्तेदाराने सीमांत खर्चावर किती चढ ठेवावी, याचा नियम एका ओळीत मावतो:

```
(P - MC) / P = 1 / E
```

P म्हणजे किंमत, MC सीमांत खर्च आणि E मागणीची लवचिकता, उणे चिन्ह काढून. डावीकडचं गुणोत्तर अब्बा लर्नर यांनी १९३४ मध्ये मांडलं.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे आजच्या किमतीला मोजलेली लवचिकता सूत्रात घालून येणारं उत्तर थेट नवी किंमत म्हणून लावणं. मागणी `Q = 100 - P` आणि सीमांत खर्च २० धरा. आज किंमत ७५ आहे, म्हणून विक्री २५ आणि लवचिकता ७५/२५, म्हणजे ३. सूत्र सांगतं, किंमत ३० ठेवा. ती ठेवली की विक्री ७० होते खरी, पण स्थिर खर्च वजा करण्यापूर्वीचा नफा १३७५ वरून ७०० वर घसरतो! शिवाय ३० ला लवचिकता जेमतेम ०.४३ असते, त्यामुळे पुन्हा सूत्र लावलं तर किंमत ऋण येते.

दोष सूत्राचा नाही. त्यातली लवचिकता इष्टतम किमतीची असावी लागते, आणि सरळ रेषेच्या मागणीत किंमत हलली की लवचिकताही हलते. म्हणून मी या नियमाकडे दिशादर्शक म्हणून पाहतो. ७५ ला डावी बाजू ०.७३ आणि उजवी ०.३३ आहे. डावी मोठी, म्हणजे किंमत जास्त आहे. थोडी उतरवा आणि लवचिकता नव्याने मोजा. ६५ ला ०.६९ आणि ०.५४ येतात, ६० ला दोन्ही ०.६७. तिथे नफा १६००. आणखी खाली ५५ वर गेलात तर उजवी बाजू मोठी होते, म्हणजे आता परत वर यायचं. लवचिकता सगळीकडे सारखी असेल तरच सूत्राचं उत्तर एका फटक्यात बरोबर येतं.

मोजलेली लवचिकता १ पेक्षा कमी निघाली, तर सूत्रात आकडे घालूच नका. किंमत वाढवली की विक्रीची रक्कम वाढते आणि एकूण खर्च घटतो, म्हणजे किंमत अजून वर न्यायला हवी.

दुसरी चूक छेदाची. ६० ला येणारं ०.६७ हे किमतीचं प्रमाण आहे. तेच २० च्या खर्चावर ६७ टक्के म्हणून चढवलं, तर किंमत ३३ वर अडकते. खर्चावरची चढ `1 / (E - 1)` ने काढायची, E १.५ असताना ती २०० टक्के येते.

आणि MC च्या जागी सरासरी खर्च घालू नका. त्यात भाडं, यंत्रांचा घसारा असा स्थिर खर्च शिरतो. एक नग जास्त विकल्याने तो बदलत नाही, त्यामुळे धंदा चालू ठेवायचा का हे त्यावरून ठरेल, किंमत नाही.