राउटरच्या रकान्यात डीबीएम की मिलीवॉट? या चुका टाळा

राउटरवर नवं फर्मवेअर चढवलं, जुन्याच्या ट्रान्समिट पॉवरचा आकडा जसाच्या तसा नव्यात भरला आणि आतल्या खोलीतलं वायफाय एकदम मंदावलं, तर आधी रकान्याशेजारचं एकक बघा. ओपनडब्ल्यूआरटीत हा आकडा डीबीएममध्ये भरतात. काही जुन्या फर्मवेअरमध्ये मात्र तिथे मिलीवॉट अपेक्षित असतात.

समजा, आधी १७ डीबीएम होते. सूत्र असं:

```
mW = 10^(dBm/10)
```

१७ भागिले १० म्हणजे १.७, आणि १० चा १.७ वा घात सुमारे ५०. म्हणजे मिलीवॉटच्या रकान्यात ५० हवेत. तिथे १७च ठेवले, तर पॉवर जवळजवळ एक तृतीयांश होते. उलटी चूक गमतीशीर आहे: डीबीएमच्या रकान्यात ५० लिहिले, तर हिशेबाने १०० वॉट होतात! राउटर एवढं देऊ शकत नाही. बहुतेक फर्मवेअर गुपचूप आपल्या कमाल मर्यादेवर थांबतं आणि आकडा स्वीकारल्यासारखा दिसतो.

कॅल्क्युलेटरवर १० च्या घाताऐवजी e च्या घाताचं बटण दाबलं जातं, तेव्हा ५० ऐवजी साडेपाचच्या आसपास उत्तर येतं. पडताळा सोपा आहे. ० डीबीएमला १ मिलीवॉट आणि १० डीबीएमला १० मिलीवॉट यायलाच हवेत. दुसरा आकडा चुकला, तर बटण चुकलं.

सगळ्यात जास्त फसवतं ते ‘अर्धं करणं’. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून २० चे १० डीबीएम करणारे अनेक जण असतात. २० डीबीएम म्हणजे १०० मिलीवॉट आणि १० डीबीएम म्हणजे १०, त्यामुळे पॉवर निम्मी न होता दहावा हिस्सा उरते. निम्मी करायची तर फक्त ३ वजा करा, म्हणजे १७. तीन वाढवले की दुप्पट, दहा वाढवले की दहापट, एवढं डोक्यात असलं तर सूत्राची गरज क्वचितच पडते. अँटेनाचा ५ डीबीआय लाभही डीबीएममध्येच मिळवायचा: १७ अधिक ५ म्हणजे २२ डीबीएम, साधारण १५८ मिलीवॉट. ५० मिलीवॉटमध्ये ५ मिळवून ५५ काढू नका.

फोनवरच्या ॲपमध्ये दिसणारे उणे ६० डीबीएम ही फोनपर्यंत पोचलेली पॉवर असते, मिलीवॉटचा दहा लाखावा भाग. तिचा या रकान्याशी संबंध नाही.

कमांडने सेटिंग करणाऱ्यांसाठी आणखी एक खड्डा आहे. `iw` ला डीबीएमचा शंभरावा भाग लागतो, म्हणून १७ साठी १७०० लिहा:

```
iw dev wlan0 set txpower fixed 1700
iw dev wlan0 info
```

नुसते १७ लिहिले, तर ०.१७ डीबीएम, म्हणजे जेमतेम एक मिलीवॉट मागितला जातो. तुमच्या इंटरफेसचं नाव वेगळं असेल, तर `wlan0` च्या जागी ते घाला. दुसऱ्या कमांडच्या उत्तरात `txpower 17.00 dBm` दिसायला हवं. त्याहून कमी दिसलं आणि वाढवूनही हललं नाही, तर हिशेब सोडा आणि निवडलेला देश व चॅनल तपासा. त्या चॅनलवरची मर्यादाच तेवढी असू शकते.