फोटोतल्या पांढऱ्या ठिपक्यावरून मुलाचा तिरळेपणा कसा ओळखावा

लग्नाचा अल्बम बघताना किंवा मोबाईलची गॅलरी चाळताना एखादी आई थबकते आणि म्हणते, "फोटोत पोरीचा डोया असा काहून दिसून रायला?" समोर खेळणारी पोरगी तर नीट दिसते. मग आजी म्हणते, "जाते ते आपोआप, मोठी झाली की." विषय तिथेच मिटतो आणि वर्ष-दोन वर्षं निघून जातात. या काळात तिरळ्या डोळ्याकडून येणारं चित्र मेंदू बाजूला टाकायला शिकतो. डोळा आतून धड असूनही त्याची नजर मंद होत जाते. सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाले तर ही नजर बरीच परत येते, त्यानंतर ते अवघड होत जातं. म्हणून फोटोत काही वेगळं दिसलं तर त्याच फोटोत आणखी एक गोष्ट शोधायची: डोळ्यात चमकणारा प्रकाशाचा पांढरा ठिपका.

हा ठिपका काय सांगतो

डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा गोलसर आणि चकचकीत असतो. समोरून फ्लॅश पडला की त्याचं बारीक प्रतिबिंब त्यावर उमटतं. दोन्ही डोळे कॅमेऱ्याकडेच बघत असतील तर दोन्हीकडे हा ठिपका सारख्याच जागी येतो. ही जागा म्हणजे काळ्या बाहुलीचा मध्य किंवा मध्यापासून किंचित नाकाकडे. तो अगदी मधोमध नाही म्हणून घाबरू नका. दोन्हीकडे जागा सारखी आहे का, एवढंच बघायचं आहे. डोळ्यांचे डॉक्टर छोट्या टॉर्चने हीच तपासणी करतात, तिला हिर्शबर्ग चाचणी म्हणतात.

एक डोळा वळलेला असेल तर त्या डोळ्यातला ठिपका उलट बाजूला सरकतो. डोळा नाकाकडे वळला असेल तर ठिपका कानाच्या बाजूला दिसतो, आणि डोळा कानाकडे वळला असेल तर ठिपका नाकाच्या बाजूला. डोळा वर चढला असेल तर ठिपका खाली दिसतो. ही उलटी दिशा एकदा पक्की लक्षात ठेवा, कारण घाईत बहुतेकांची गल्लत इथेच होते.

आधी जुने फोटो तपासा

फ्लॅश मारून समोरून काढलेला फोटो निवडा. व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो नको. तो दाबून लहान केलेला असतो आणि मोठा केला की ठिपक्याभोवती नुसते चौकोन दिसतात. ज्याच्या मोबाईलने फोटो काढला त्याच्याकडून मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवा. चेहरा गोरा-गुळगुळीत करणाऱ्या फिल्टरचे फोटोही बाजूला ठेवा, त्यात डोळेसुद्धा बदललेले असू शकतात.

आता मुलाचं डोकं सरळ आहे का ते बघा. दोन्ही कान सारखेच दिसत असतील आणि नाकाचा शेंडा चेहऱ्याच्या मधोमध असेल तर फोटो कामाचा. मूल कॅमेऱ्याऐवजी बाजूच्या मामाकडे बघत असेल तर दोन्ही ठिपके एकाच दिशेला, उदाहरणार्थ दोन्ही डाव्या हाताला, सारखेच सरकलेले दिसतील. तो तिरळेपणा नव्हे. तिरळेपणात एका डोळ्यात ठिपका जागेवर असतो आणि दुसऱ्यात हललेला असतो.

खिडकीजवळ किंवा अंगणात काढलेल्या फोटोत डोळ्यात दोन-तीन चमका असतात: खिडकीचा चौकोन, आभाळाचा पट्टा, फ्लॅशचा ठिपका. उजव्या डोळ्यातली खिडकी आणि डाव्या डोळ्यातला फ्लॅश यांची तुलना करून चालणार नाही. दोन्हीकडे एकच चमक धरा.

मग नवा फोटो नीट काढा

भर उन्हात काढू नका. आपल्याकडच्या उन्हात पोर डोळे मिटूनच घेतं. घरात, थोड्या कमी उजेडात आईने मुलाला मांडीवर घ्यावं आणि दुसऱ्याने सुमारे तीन फुटांवर मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर बसावं. वरून उभ्याने फोटो काढला की ठिपके वर सरकतात. फ्लॅश चालू ठेवा आणि मागचा कॅमेरा वापरा. सेल्फी कॅमेरा बऱ्याच मोबाईलमध्ये चित्र आरशासारखं उलटं करतो आणि मग उजवा डोळा कोणता, डावा कोणता यात घोळ होतो.

लहान मूल लेन्सकडे बघत नाही, ही खरी अडचण. त्यासाठी लेन्सच्या अगदी बाजूला, फ्लॅश झाकला जाणार नाही अशी एक छोटी टिकली चिकटवा आणि "टिकली कुठं आहे?" असं विचारा. याचा आणखी एक फायदा आहे. बारीक वस्तू निरखताना डोळ्यांना जवळचं बघण्याचा जोर लावावा लागतो, आणि काही मुलांचा डोळा नेमका तेव्हाच आत वळतो. नुसत्या प्रकाशाकडे बघताना तो सरळ राहू शकतो.

असे चार-पाच फोटो काढा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काढा. एकाच फोटोवरून काही ठरवू नका. एकच डोळा पुन्हा पुन्हा त्याच बाजूला दिसला तर शंका पक्की धरा. कधी उजवा तर कधी डावा वळलेला दिसला तरी दाखवायचंच आहे. फ्लॅशच्या चार-दोन फोटोंनी डोळ्याला इजा होत नाही, पण टॉर्च डोळ्यांवर रोखून धरू नका.

एक उदाहरण

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली साडेतीन वर्षांची मुलगी. मावशीच्या लग्नातल्या फोटोत तिचा उजवा डोळा ठीक होता, ठिपका बाहुलीच्या मध्यावर. डाव्या डोळ्यात ठिपका बाहुलीच्या कानाकडच्या कडेवर होता. डोकं सरळ होतं. म्हणजे डावा डोळा नाकाकडे वळलेला. ठिपका बाहुलीच्या कडेला आला की ढोबळ मानाने डोळा १५ अंश वळलेला असतो, तो बुबुळाच्या कडेपर्यंत गेला तर ४५ अंशांच्या आसपास.

आईने मागचे फोटो काढले. दुसऱ्या वाढदिवसाला दोन्ही ठिपके सारखे होते, मागच्या होळीलाही सारखे. गेल्या काही महिन्यांतल्या फोटोंत मात्र डावीकडचा ठिपका कधी जागेवर तर कधी सरकलेला. ही माहिती डॉक्टरांच्या फार कामाची ठरली. जन्मापासून डोळे सरळ, तिसऱ्या वर्षानंतर कधीमधी आत वळणं, तेही जवळचं बघताना, असं दिसलं की बहुतेक वेळा मुलाला मोठा प्लस नंबर असतो.

औषध घालून बाहुल्या मोठ्या केल्या आणि नंबर तपासला. दोन्ही डोळ्यांना साडेचारच्या आसपास प्लस नंबर निघाला. एवढ्या नंबराचं मूल स्पष्ट दिसावं म्हणून डोळ्यांवर सतत जोर देतं, आणि त्या जोराबरोबर डोळे आत ओढले जातात. पूर्ण नंबरचा चष्मा दिल्यावर काही आठवड्यांत डोळे चष्म्यातून सरळ दिसू लागले. चष्मा काढला की डोळा पुन्हा आत जायचा. तेव्हा घरच्यांना वाटलं की चष्म्यानेच डोळा बिघडला. तसं नाही. चष्मा काढला की जोर पुन्हा सुरू होतो, म्हणून डोळा वळतो. अशा वेळी चष्मा बंद करणं हीच सगळ्यात मोठी चूक ठरते. तिच्या डाव्या डोळ्याची नजर थोडी कमी आली, म्हणून रोज काही तास उजव्या डोळ्यावर पट्टी लावायला सांगितली.

सगळ्यांचा तिरळेपणा चष्म्याने जात नाही. काहींना शस्त्रक्रिया लागते. ते तपासणीनंतरच ठरतं.

फोटो कुठे फसवतो

तान्ह्या बाळांचं नाकाचं हाड बसकं असतं आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर कातडीची घडी असते. त्यामुळे नाकाकडचा पांढरा भाग झाकला जातो आणि बाळ तिरळं वाटतं. ठिपके दोन्हीकडे सारखे असतील तर बहुधा हा नुसता भास असतो, तरी पुढच्या तपासणीत दाखवून खात्री करून घ्या. पहिल्या दोन-तीन महिन्यांत डोळा अधूनमधून भरकटला तरी चालतं. चार महिन्यांनंतर वळत असेल, किंवा कोणत्याही वयात सतत वळलेलाच असेल, तर दाखवा.

उलटही घडतं. अगदी थोडा तिरळेपणा फोटोत पकडला जात नाही. एका डोळ्याला मोठा नंबर असून दोन्ही डोळे सरळ असतील तर ठिपके बरोबरच दिसतात आणि तो डोळा मात्र मंद होत राहतो. म्हणून सारखे ठिपके दिसले की नजर चांगली, असं समजू नका.

बाहेरच्या बाजूला वळणारा डोळा अनेकदा मूल थकल्यावर, ताप आल्यावर किंवा झोपेतून उठल्याबरोबर दिसतो, एरवी नाही. अशी मुलं उन्हात एक डोळा बारीक करतात. वैशाखात सगळेच डोळे बारीक करतात, पण दरवेळी तोच एक डोळा मिटत असेल तर ती खूण आहे. अशा मुलाचा झोप यायला लागल्यावरचा, डोळे उघडे असतानाचा छोटा व्हिडिओ दहा फोटोंपेक्षा उपयोगी पडतो.

हे दिसलं तर थांबू नका

एका बाहुलीत काळ्या किंवा लाल रंगाऐवजी पांढरट, मांजरीसारखी चमक दिसली तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. बाजूने पडलेल्या फ्लॅशमुळेही कधी असं दिसतं, पण त्यामागे मोतीबिंदू किंवा डोळ्याचा कॅन्सर असू शकतो आणि घरी यातला फरक कळत नाही. हा कॅन्सर कधीकधी नुसत्या तिरळेपणानेच पहिल्यांदा दिसतो, म्हणून तिरळ्या मुलाच्या डोळ्याचा मागचा पडदा तपासून घेणं गरजेचं असतं. अचानक तिरळेपणा आला आणि सोबत डोकेदुखी, उलट्या किंवा एकाचे दोन दिसणं असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

कुठे जायचं, काय न्यायचं

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. त्यांना फोटो दाखवा, ते पुढे पाठवतात. पथक नुकतंच येऊन गेलं असेल तर सहा महिने वाट बघू नका. आशाताईंशी बोला आणि ग्रामीण रुग्णालयातल्या नेत्रचिकित्सा अधिकाऱ्याला भेटा. तिथून पुढे जिल्हा रुग्णालय, नागपूरचं मेडिकल किंवा सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय असं जवळचं ठिकाण निवडा.

निघताना तारखांसह चार-पाच मूळ फोटो मोबाईलमध्ये वेगळे काढून ठेवा, त्यातले दोन जुने असू द्या. घरात कोणाला तिरळेपणा किंवा लहानपणापासून जाड चष्मा आहे का, तेही विचारून घ्या. बाहुली मोठी करण्याचं औषध कधी तिथेच घालतात, तर कधी घरी तीन दिवस मलम लावून परत बोलावतात. मलम डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच लावा, आणि ते मुलाच्या तोंडात जाऊ देऊ नका. मलम लावलेलं असताना आणि पुढे काही दिवस मुलाला जवळचं धूसर दिसतं आणि उजेड टोचतो. टोपी घ्या आणि परतीची एसटी शक्यतो ऊन उतरल्यावरची धरा.